हेलियम-4: वस्तुमान तूट आणि बंधन ऊर्जा, पायरीपायरीने

सायली,

तुझी वही पाहिली. हेलियमच्या गणितात तुझं उत्तर 27.27 MeV आलंय आणि पुस्तकामागे 28.3 MeV छापलंय. गुणाकार, वजाबाकी दोन्ही बरोबर आहेत, म्हणून तू पुस्तकालाच चूक ठरवलंस. पुस्तक बरोबर आहे. तुझ्या उत्तरात फक्त 1.02 MeV कमी पडतात आणि ते नेमके कुठे गेले तेही सांगता येतं. आधी पूर्ण गणित करू.

हेलियम-4 च्या अणुकेंद्रकात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. हे चौघे सुटे असताना त्यांचं एकूण वस्तुमान जितकं भरतं, त्याहून ते एकत्र बांधलेले असताना कमी भरतं. हा फरक म्हणजे वस्तुमान तूट, आपण वर्गात म्हणतो तो मास डिफेक्ट. केंद्रक तयार होताना तेवढी ऊर्जा बाहेर पडलेली असते, आणि केंद्रक पुन्हा पूर्ण सुटं करायचं तर तेवढीच ऊर्जा द्यावी लागते. तीच बंधन ऊर्जा. केंद्रकाच्या आत ती कुठे साठवलेली नसते, उलट ती गमावल्यामुळेच केंद्रक टिकून राहतं. तोंडी परीक्षेत इथेच बरेच जण अडकतात.

लागणारे आकडे हे. u म्हणजे अणुवस्तुमान एकक.

प्रोटॉन = 1.007276 u
न्यूट्रॉन = 1.008665 u
इलेक्ट्रॉन = 0.000549 u
हायड्रोजन-1 चा अणू = 1.007825 u
हेलियम-4 चा अणू = 4.002603 u

शेवटच्या दोन ओळींत 'अणू' लिहिलंय, 'केंद्रक' नाही. कोष्टकात सहसा अणूचंच वस्तुमान देतात, म्हणजे इलेक्ट्रॉन धरून. म्हणून सुट्या बाजूलाही प्रोटॉनऐवजी हायड्रोजनचे अणू घ्यायचे. मग दोन्हीकडे दोन-दोन इलेक्ट्रॉन येतात आणि वजाबाकीत निघून जातात.

पायरी पहिली, सुट्या भागांचं वस्तुमान:

2 × 1.007825 = 2.015650 u
2 × 1.008665 = 2.017330 u
बेरीज = 4.032980 u

पायरी दुसरी, वजाबाकी:

Δm = 4.032980 − 4.002603 = 0.030377 u

इथे सहाही दशांश स्थळं शेवटपर्यंत ठेवायची. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची ही वजाबाकी आहे, सगळी माहिती शेपटीतल्या आकड्यांत असते. आधीच 4.033 आणि 4.003 केलंस तर तूट 0.030 येईल आणि ऊर्जा 27.9 MeV. राऊंड ऑफ करायचंच तर शेवटच्या उत्तरात.

पायरी तिसरी, ऊर्जा. 1 u वस्तुमानाची ऊर्जा 931.494 MeV असते:

E = 0.030377 × 931.494 = 28.296 MeV

चौथी पायरी छोटी आहे. केंद्रकात चार कण आहेत, म्हणून प्रत्येक कणामागे 28.296 ÷ 4 = 7.074 MeV.

931.494 हा आकडा नुसता पाठ करू नकोस, एकदा स्वतः काढून बघ. 1 u = 1.660539 × 10⁻²⁷ kg. त्याला c² ने, म्हणजे 8.98755 × 10¹⁶ ने गुणलं की 1.492418 × 10⁻¹⁰ J मिळतात. 1 MeV = 1.602177 × 10⁻¹³ J, त्याने भागलं की 931.494. प्रश्नात उत्तर जूलमध्ये मागितलं असेल तर:

Δm = 0.030377 × 1.660539 × 10⁻²⁷ = 5.0442 × 10⁻²⁹ kg
E = 5.0442 × 10⁻²⁹ × 8.98755 × 10¹⁶ = 4.5335 × 10⁻¹² J

c ला सरळ 3 × 10⁸ धरलंस तर उत्तर 28.34 MeV च्या आसपास जाईल. परीक्षेत ते चालतं.

आता तुझे हरवलेले 1.02 MeV. तू सुट्या बाजूला नुसते प्रोटॉन घेतलेस:

2 × 1.007276 + 2 × 1.008665 = 4.031882 u

त्यातून मात्र अख्ख्या अणूचं वस्तुमान, 4.002603, वजा केलंस. तूट आली 0.029279 u, ऊर्जा 27.273 MeV. म्हणजे उजवीकडे दोन इलेक्ट्रॉन होते आणि डावीकडे एकही नव्हता. एका इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाची ऊर्जा 0.511 MeV, दोघांची 1.022. तुझ्या उत्तरातली तफावत तंतोतंत तेवढीच आहे.

प्रोटॉनच घ्यायचे असतील तर हरकत नाही, फक्त हेलियमच्या बाजूनेही इलेक्ट्रॉन काढून टाक:

केंद्रक = 4.002603 − 2 × 0.000549 = 4.001505 u
Δm = 4.031882 − 4.001505 = 0.030377 u

तीच तूट. तू कदाचित विचारशील की इलेक्ट्रॉन अणूला बांधलेले असतात, त्या बंधनाच्या ऊर्जेचं काय? शंका रास्त आहे. पण हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला मिळून सुमारे 79 eV लागतात. इथे आपण 2 कोटी 83 लाख eV मोजतोय, म्हणून ते सोडून देतो.

सूर्याबद्दल वाचताना तुला 26.73 MeV असा आणखी एक आकडा भेटेल. तोही बरोबर आहे, पण प्रश्न वेगळा आहे. सूर्यात सुरुवात चार हायड्रोजनपासून होते, सुटे न्यूट्रॉन हाताशी नसतात:

4 × 1.007825 − 4.002603 = 0.028697 u, म्हणजे 26.73 MeV

न्यूट्रॉन हा हायड्रोजनच्या अणूपेक्षा 0.000840 u ने जड असतो. दोन न्यूट्रॉनांचे मिळून 1.565 MeV होतात, आणि 28.296 मधून ते वजा केले की 26.73 उरतात. हायड्रोजनच्या वस्तुमानातले जेमतेम 0.7 टक्के ऊर्जेत जातात. अॅस्टनने हायड्रोजन आणि हेलियमची वस्तुमानं काटेकोर मोजली आणि हा फरक दिसला. त्यावरून 1920 मध्ये एडिंग्टनने सुचवलं की तारे याच ऊर्जेवर जळत असावेत. न्यूट्रॉनचा शोध तेव्हा लागायचा होता, तो 1932 मध्ये लागला.

7.074 हा आकडा किती मोठा आहे हे शेजाऱ्यांकडे पाहून कळतं. ड्यूटेरियममध्ये कणामागे फक्त 1.11 MeV, हेलियम-3 मध्ये 2.57, लिथियम-6 मध्ये 5.33. हलक्या केंद्रकांत हेलियम-4 एकटं उंच उभं आहे. त्याच्या पुढे लोखंड-56 पर्यंत जाताना चढ मंद होत 8.79 वर पोचतो. जड केंद्रकं फुटताना सुटा प्रोटॉन टाकण्याऐवजी अख्खा अल्फा कण, म्हणजे हेलियम-4 चं केंद्रक, बाहेर टाकतात, त्याचं मोठं कारण हेच. बेरिलियम-8 तर क्षणभरही टिकत नाही, त्याचे थेट दोन हेलियम होतात.

एक ग्रॅम हेलियमचा हिशोब मी करून पाहिला. त्यात साधारण 1.5 × 10²³ अणू असतात, म्हणून एकूण बंधन ऊर्जा 6.8 × 10¹¹ J. विजेच्या बिलात मोजायची तर सुमारे 1 लाख 89 हजार युनिट. महिन्याला 200 युनिट जाळणाऱ्या घराला तेवढी वीज 78 वर्षं पुरेल.

गुरुवारी येताना हेलियम-3 करून आण. अणूचं वस्तुमान 3.016029 u. प्रोटॉन दोन, न्यूट्रॉन एक. उत्तर 7.718 MeV यायला हवं. 6.7 च्या घरात आलं, तर आधी इलेक्ट्रॉन मोज.