रंकाळा स्वच्छता, रविवार ११ जानेवारी २०२६ : सुधारित आवाहन

सोमवारचा संदेश बाजूला ठेवा आणि कुणाला पुढे पाठवायचा असेल तर हाच पाठवा. त्यात आपण ‘सकाळी लवकर, मोठ्या संख्येने, शक्य ते साहित्य घेऊन यावे’ असं लिहिलं होतं. नोव्हेंबरमध्येही हेच शब्द होते. तेव्हा साडेसहापासून साडेआठपर्यंत माणसं येत राहिली, खराटे एकवीस जमले आणि दाताळी तीन. केंदाळ ओढायला खराट्याचा उपयोग नाही. कितीतरी जण मनापासून आले आणि काठावर उभे राहून परत गेले. त्याचं वाईट वाटतं, म्हणून या वेळी सगळं नेमकं लिहीत आहोत.

वेळ आणि जागा. पावणेसातला रंकाळा टॉवरजवळ जमायचं. कामाची वाटणी दहा मिनिटांत होईल, सातला काम सुरू आणि साडेनऊला बंद. सव्वासातनंतर येणाऱ्यांनी थेट चौपाटीकडे प्लास्टिक वेचणाऱ्यांत सामील व्हावं, ओढणाऱ्यांची साखळी मध्येच मोडू नये. आपला पट्टा टॉवरपासून चौपाटीच्या दिशेने तीनशे मीटर, एवढाच. शालिनी पॅलेसच्या बाजूला या खेपेला जायचं नाही. थोडा काठ पुरता साफ झालेला बरा.

केंदाळ. यासाठी तीस जण हवेत, वय अठराच्या पुढे. बारा जण काठावरून दाताळ्याने आणि दोराला बांधलेल्या गळाने ओढतील, बाकीचे अठरा वाहतील. मुळासकट ओढा. मधूनच तुटलं तर राहिलेल्या धुमाऱ्यातून नवं रोप उभं राहतं आणि महिन्याभरात आपली मेहनत वाया जाते. ताज्या केंदाळाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ओलं उचललं तर कंबर धरेल, म्हणून वीस मिनिटं उतारावर निथळू द्यायचं आणि मगच पाटीत भरायचं. मुळांत अडकलेले छोटे मासे, गोगलगायी परत पाण्यात सोडा. पाणकणसाला हात लावू नका, पक्षी तिथे आसरा घेतात.

पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. केंदाळाखाली खोली कळत नाही आणि पाय गुंततो. हातापायाला जखम असेल तर ओलं काम घेऊ नका. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार जखमेवाटे शिरू शकतो. अशांनी कोरडी वेचणी करावी.

काठ. प्लास्टिक, थर्माकोल, बाटल्या वेचायला वीस जण. दहा वर्षांपुढची मुलं इथे चालतील, पण घरचं मोठं माणूस सोबत पाहिजे. काच आणि सुया मुलांनी उचलायच्या नाहीत, मोठ्यांना हाक मारायची. त्यासाठी दोन पत्र्याचे डबे ठेवले आहेत.

निर्माल्याला सहा जण वेगळे लागतील. फुलं खतासाठी एका पोत्यात, दोरे, कापड आणि प्लास्टिक दुसऱ्यात. मूर्तींचे भाग सापडले तर कचऱ्यात टाकू नका, टॉवरजवळच्या हिरव्या ताडपत्रीवर नीट ठेवा. ज्या आजी-आजोबांना वाकता येत नाही त्यांनी हेच काम घ्यावं, खुर्च्या आहेत. प्रथमोपचाराची पेटी आणि साबण-पाणीही तिथेच मिळेल.

साडेनऊच्या आधी महापालिकेची गाडी येईल. शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यांनी फक्त गाडी भरायची. काठावर राहिलेलं केंदाळ कुजून पुन्हा पाण्यातच जातं.

घेऊन या: गमबूट किंवा बंद बूट (चपला नकोत), जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, टोपी, पाण्याची भरलेली बाटली, बदलायला कपडे. घरी दाताळं, घमेलं किंवा रिकामं पोतं असेल तर आणा आणि त्यावर रंगाने नाव लिहा. आमच्याकडे नऊ दाताळी, चाळीस पोती आणि पंधरा पाट्या आहेत. आणखी पाच दाताळी लागतील, शेतीवाल्या घरांना खास विनंती. खराटे, झाडू आणू नका.

कामानंतर पोहे आणि चहा आहे. ताटली, चमचा आणि कप घरचाच आणा. कागदी कपांचा ढीग आपणच रंकाळ्यावर करायचा नाही.

शुक्रवारी रात्री नऊपर्यंत या ग्रुपवर नाव, वय, कोणतं काम आणि काय आणणार एवढं लिहा. एखाद्या कामाची माणसं पूर्ण झाली की तिथेच कळवू. उत्तर असं चालेल: ‘आम्ही दोघं, ४२ आणि १३. मी केंदाळ वाहतो, मुलगी प्लास्टिक वेचेल, तिची मावशी तिच्यासोबत थांबेल. एक दाताळं आणतो. सव्वानऊला निघावं लागेल.’