बाजू कुठाय?

तन्वीने अंगणात खिळा रोवला, त्याला दोरीचं एक टोक घट्ट बांधलं आणि दुसऱ्या टोकाची काडी मातीत टेकवून ती मागे मागे सरकत निघाली. फेरी पुरी झाली, पण रेघेला रेघ मिळाली नाही. बोटभर आत आली.

"हा बघ कोपरा! म्हटलं नव्हतं, वर्तुळाला कोपरे असतात?" सोहम ओरडला.

"कोपरा कसला? दोरी खिळ्याला गुंडाळली गेली, म्हणून आखूड पडली."

तिने गाठ सोडली आणि खिळ्याभोवती सहज फिरेल असा सैल फासा केला. या वेळी तिने दोरी जराही ढिली पडू दिली नाही. सगळी मेहनत त्या ताणण्यातच असते. हात जरा सैलावला की रेघ लगेच आत शिरते. आता मात्र टोकं बरोब्बर जुळली.

"आता दाखव कोपरा."

"खूप आहेत," सोहम ठामपणे म्हणाला. "बारीक आहेत म्हणून दिसत नाहीत. थांब, मी करून दाखवतो."

त्याने तेवढीच दोरी घेऊन वर्तुळावर खुणा केल्या. सहाव्या खेपेला तो बरोबर पहिल्या खुणेवर आला. खुणा सरळ रेघांनी जोडल्या, तशी आत षटकोन उभा राहिला. तन्वीने कोनमापक लावलं: १२० अंश. मग प्रत्येक दोन खुणांच्या मधोमध, वर्तुळावरच आणखी एक खूण. बारा बाजू झाल्या, कोन १५०.

"चोवीस केल्या तर?"

"१६५," तिने मनातल्या मनात हिशेब केला.

"बघ, कोपरे वाढतायत! वाढत वाढतच वर्तुळ होतं."

"वाढतायत, पण बोथटही होतायत. १८० झाला की कोपरा उरतच नाही, सरळ रेघ होते."

"सरळ रेघ असती तर तू फिरून परत इथे कशी आलीस, ताई?"

तन्वी गप्प झाली. प्रश्न खरोखरच चांगला होता. काडी हातात धरून ती पुन्हा वर्तुळावरून चालली. प्रत्येक पावलाला वळावं लागत होतं, पण अचानक असं कुठेच नाही.

"बरं, एका कोपऱ्यावर बोट ठेव."

त्याने ठेवलं.

"आता त्याच्या शेजारच्या कोपऱ्यावर."

त्याने बोट जरासं सरकवलं.

"या दोघांच्या मध्ये?"

"तिथेही कोपरा."

"आणि त्यांच्या मध्ये?"

"तिथेही!"

"मग दोन कोपऱ्यांमधली बाजू कुठाय? बाजूच नाही, तर कोपरा कशाचा?"

सोहमने बोट उचललं, रेघेकडे पाहिलं, पुन्हा टेकवलं.

"वर्तुळ लहान आहे म्हणून बाजू सापडत नाही," तो म्हणाला. "मोठी दोरी आण."

"मोठ्या वर्तुळातही सापडणार नाही."

"तू आण तर खरी!"

तन्वी दोरी आणायला घरात पळाली.