मॅडम ९ ते १७ फेब्रुवारी नाहीयेत, अपॉइंटमेंटच्या तारखा बदलल्यात, सगळ्यांनी पूर्ण वाचा

नमस्कार सगळ्या आईबाबांना आणि आजीआजोबांना. आपल्या मॅडमच्या वडिलांचं नागपूरला बायपास ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे मॅडम सोमवार ९ फेब्रुवारी ते मंगळवार १७ फेब्रुवारी २०२६ कऱ्हाडला नसतील. बुधवार १८ ला सकाळपासून दवाखाना नेहमीसारखा सुरू. एकुलती एक मुलगी आहे त्यांची, जावंच लागणार, तरी निघायच्या आधी स्वतः बसून सगळ्या फायली बघितल्या आणि कोणाला थांबवायचं, कोणाला नाही हे लिहून दिलंय, त्यावरूनच हा मेसेज लिहितेय.

आधी तारखा. डाव्या बाजूला तुमची जुनी तारीख, उजव्या बाजूला नवी.

सोम ९ → बुध १८
मंगळ १० → शुक्र २०
बुध ११ → शनि २१
गुरु १२ → रवि २२ (या एका रविवारी दवाखाना मुद्दाम उघडा ठेवतोय)
शुक्र १३ → सोम २३
शनि १४ → मंगळ २४
सोम १६ → बुध २५
मंगळ १७ → गुरु २६

वेळ आणि नंबर तोच राहील, म्हणजे १० तारखेला संध्याकाळी ७ वा नंबर होता तर २० ला पण संध्याकाळी ७ वाच, नवीन नंबर लावायला यायची गरज नाही. ज्यांची आधीपासूनच १८ नंतरची तारीख आहे त्यांचं काही बदललेलं नाही, गर्दी डबल होणार म्हणून १८ ते २६ सकाळी ९ ते २ आणि संध्याकाळी साडेचार ते ९ असं बसणार आहोत. फक्त १९ ला शिवजयंती आहे, संध्याकाळी मिरवणुकीमुळे गाड्या आतपर्यंत येत नाहीत, म्हणून त्या दिवशी फक्त सकाळी, १९ च्या संध्याकाळवाल्यांनी पण सकाळीच या. पाटण, ढेबेवाडीकडून एसटीने येणाऱ्यांना नवी तारीख जमत नसेल तर आत्ताच कळवा, आम्ही दुपारचा नंबर देऊ, लेकरू घेऊन रात्री स्टँडवर थांबायला लागू नये.

आता लसीकरण, कारण कालपासून सगळ्यात जास्त फोन याचेच येतायत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस ज्यांचे या आठवड्यात आहेत त्यांना पुढं ढकललेलं नाही. बुधवार ११ आणि शनिवार १४ ला संध्याकाळी ५ ते ८ दुसऱ्या बालरोगतज्ज्ञ मॅडम आपल्याच दवाखान्यात येणार आहेत, त्या दोन दिवशी या बाळांनी यायचं, वरची यादी त्यांच्यासाठी नाही. रोटाचे थेंब तर अजिबात लांबवू नका, त्यांचा पहिला डोस घ्यायला वयाची मर्यादा असते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस पण याच दोन दिवसांत मिळेल, किंवा जवळच्या सरकारी केंद्रात मोफत मिळते, लस चांगलीच असते तिथली, फक्त कार्ड घेऊन जा आणि नोंद करून घ्या. कांजण्या, टायफॉइड, कावीळ अ यांच्या लसी मात्र नव्या तारखेला घेतल्या तरी चालतील. आठ-दहा दिवस उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सगळे डोस परत घ्यावे लागत नाहीत, याचं टेन्शन घेऊ नका.

कुत्रं चावल्यावरची इंजेक्शनं सुरू आहेत त्यांची तारीख एक दिवस पण हलवायची नाही. पुढचा डोस उपजिल्हा रुग्णालयात घ्या, तिथे मोफत आहे. आणि या दिवसांत कोणाला नव्याने चावलंच तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद चुना काही लावायचं नाही, आणि लगेच निघायचं.

फिटचं औषध, थायरॉइडची गोळी, टीबीच्या गोळ्या, दम्याचा पंप, यातलं काहीही तपासणी पुढं गेली म्हणून बंद करायचं नाही. मॅडमनी या सगळ्या मुलांच्या चिठ्ठ्या २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवून सही करून ठेवल्यात, शनिवार ७ च्या आत काउंटरवरून घेऊन जा. दहावीची परीक्षा २० पासून आहे, दम्यावाल्या मुलांनी पंपात औषध किती उरलंय ते आजच बघा.

जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका, हे हात जोडून सांगते. मुलाचं वजन तेव्हा वेगळं होतं, आजार वेगळा होता. तापाच्या औषधात पण ड्रॉप्स आणि सिरप एक नाही, ड्रॉप्समध्ये औषध कितीतरी घट्ट असतं, सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले की डोस चौपट-पाचपट होऊन बसतो. खोकल्याचं औषध मनाने तर नाहीच नाही, मागच्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं खोकल्याच्या भेसळीच्या औषधाने किती लेकरं गेली ते सगळ्यांनी ऐकलंय, आणि त्यानंतर दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका असं सरकारने पण सांगितलंय.

साधा सर्दी-ताप असेल, मूल खेळतंय, पितंय, तर दवाखान्याच्या नंबरवर फोन करा (फाईलच्या पहिल्या पानावर आहे), सिस्टर सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८ उचलतील आणि गरज पडली तर दुसऱ्या मॅडमशी बोलून सांगतील. जुलाब असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असं अंदाजाने करू नका, अंगावरचं दूध चालूच ठेवा.

पण पुढचं काही दिसलं तर फोन करत बसू नका, मॅडमची वाट तर बघूच नका, सरळ हॉस्पिटलला न्या, गाडी नसेल तर १०८ लावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप. फिट येणं. बाळ दूध ओढत नाही, हाक मारली तरी सुस्त पडलंय. सहा-आठ तास लघवीच नाही. श्वास फास्ट चाललाय किंवा बरगड्यांखाली खड्डे पडतायत, श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडं बघून मोजा, दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० झाले की निघायचं. नुकत्याच बाळंत झालेल्या ताईंना खास सांगायचंय, बाळाची कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, म्हणून डिस्चार्जनंतरची पहिली तपासणी पुढं ढकललेली नाही, ११ किंवा १४ ला दाखवा, आणि तळहात तळपाय पिवळे दिसले तर त्या तारखेसाठी पण थांबू नका. कोवळ्या उन्हात धरून ती उतरत नाही, आजींना पण हे सांगा.

शाळेचं फिटनेस सर्टिफिकेट, इन्शुरन्सचे कागद, हे सगळं १८ नंतरच, सहीला दुसरं कोणी चालत नाही. लसीचे पैसे आधी भरलेत त्यांची लस नाव टाकून फ्रिजमध्ये ठेवलेली आहे.

मेसेज वाचला की मुलाचं नाव, फाईल नंबर आणि जुनी तारीख एवढं लिहून पाठवा, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचलं हे आम्हाला कळेल. शुक्रवार ६ पर्यंत ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना मी स्वतः फोन लावणार आहे. मसूर, उंब्रज, ओगलेवाडी भागात ज्यांच्याकडे व्हॉट्सअॅप नाही अशी कोणी आपली पेशंट तुमच्या शेजारी असतील तर त्यांना प्लीज सांगा.

– काउंटरवरची ताई