बटण टक्क, प्लग पक्क!

आमच्याकडे दोन महिन्यांत चार्जरची तिसरी वायर गेली आणि चिऊ रोज विचारते की ओढली तर काय होतं, म्हणून तिच्यासाठी आणि तिच्या बालवाडीतल्या सगळ्या दोस्तांसाठी हे गाणं केलंय, टाळ्या वाजवत म्हणायचं, 'टक्क' आलं की चुटकी आणि 'हळू' आलं की आवाज एकदम बारीक, अगदी कानात सांगितल्यासारखा. आणि हो, प्लगला हात लावायचा तो मोठं कोणीतरी जवळ असतानाच हं!

टिंग टिंग वाजलं, शंभर टक्के भरलं,
फोनबाईचं जेवण बघा सगळं सगळं सरलं!
जेवून झालं की आपण ताटावरून उठतो,
मग चार्जरच कशाला भिंतीला चिकटतो?

बटण बंद, टक्क!
प्लग पकडा, पक्क!
सरळ काढा, हळू हळू,
वायर म्हणेल, "थँक्यू बाळू!"

मनीमाऊची शेपटी कोणी ओढतं का रे?
ओढली तर ओरबाडेल ती, पळून जाल सारे!
वायर पण तशीच, पण तिला बोलता येत नाही,
आतल्या आत तुटते बिचारी, कोणाला सांगत नाही.

वायरच्या पोटात असतात तांब्याच्या तारा,
केसांसारख्या बारीक त्या, जपून जपून धरा.
मान मोडली वायरची की साल निघतं वर,
हात नाही लावायचा, आईला बोलवा भरभर!

बटण बंद, टक्क!
प्लग पकडा, पक्क!
सरळ काढा, हळू हळू,
वायर म्हणेल, "थँक्यू बाळू!"

फोन नेला, तरी चार्जर वीज गुपचूप पितो,
रात्रभर जागा राहून घोट घोट घेतो.
टोक लोंबतं खाली आणि बाळ रांगत येतं,
दिसेल ते सगळं बाळ तोंडात घालून घेतं!
(इथे सगळ्यांनी "अय्या, नको नको!" असं जोरात ओरडायचं)

आंबा खाऊन, हात धुऊन आलात का पळत?
ओल्या हाताने बोर्डाजवळ जायचं नसतं, कळतं?
हात पुरत नाही वर? खुर्ची नका ओढू,
आजीला हाक मारा, "आजी, चल ना, प्लग काढू!"

बटण बंद, टक्क!
प्लग पकडा, पक्क!
सरळ काढा, हळू हळू,
वायर म्हणेल, "थँक्यू बाळू!"

आता गोल गोल गुंडाळा, जशी चकली पडते,
फार घट्ट नको हं, नाहीतर ती मोडते.
खणात तिला झोपवा, म्हणा "गुड नाईट, वायरताई,
उद्या पुन्हा भेटू गं, आज झोपायची घाई!"