मामेभावाच्या खांद्याला लागत नाही म्हणून…

(आर्वी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या पालकसभेत बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी केलेलं भाषण)

नमस्कार. मागं उभ्या असलेल्या बायांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. लेकरं घेऊन आलात, फार बरं झालं.

पोळा, महालक्ष्म्या झाल्या की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. तान्हा पोळ्याला सगळी भावंडं लाकडी बैल घेऊन एका रांगेत उभी राहतात, कोणीतरी फोटो काढतं, आणि घरी आल्यावर आई तोच फोटो घेऊन माझ्याकडे येते. "बाई, हा मामेभावापेक्षा चार महिन्यानं मोठा हाय, पण त्याच्या खांद्यालेबी लागत नाई. काऊन वाढत नाई हा?" पोरगं बाजूलाच बसलेलं असतं, मान खाली घालून सगळं ऐकत. पाठोपाठ सासूबाईंचं ठरलेलं असतं, "मायवरच गेला." फोटो पोराचा, आणि बोल लागतो आईला. तो आधी बंद करा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता मामेभाऊ म्हणजे कोण ते नीट पाहू. तुमच्या पोराचे आणि त्याचे आजी-आजोबा एकाच बाजूचे सारखे. दुसरी बाजू पार वेगळी. त्याची आई दुसऱ्या घरातून आलेली आहे, आणि उंची दोन्ही बाजूंनी येते. याचा एक सरळ हिशोब आहे. मुलगा असेल तर आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करा, त्यात १३ सेंटीमीटर मिळवा आणि निम्मे करा. मुलगी असेल तर १३ मिळवायचे नाहीत, वजा करायचे. समजा वडील पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटीमीटर, आणि आई पाच फूट, म्हणजे १५२. मुलाचा आकडा आला १६५. तिकडे मामा १७८ आणि मामी १५७, तर मामेभावाचा आकडा येतो १७४. दोघंही धडधाकट, दोघांचंही खाणंपिणं चांगलं, तरी मोठेपणी नऊ सेंटीमीटरचा फरक अगदी अपेक्षित. शिवाय हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. आठ-एक सेंटीमीटर वर किंवा खाली मूल जाऊ शकतं. सख्खे भाऊसुद्धा सारखे होत नाहीत, तर मामे-आते भावंडांचं काय घेऊन बसलात!

दुसरी गोष्ट वेळेची. मुलींचं वयात येणं आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होतं, मुलांचं नऊ ते चौदा. उंचीची मोठी झेप त्याच काळात येते, आणि मुलींना ती मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येते. म्हणून बारा वर्षांची आतेबहीण तेरा वर्षांच्या मुलापेक्षा उंच दिसली तर त्यात बिघडलेलं काही नसतं. पोरापोरांतही तेच. एक अकराव्या वर्षीच वयात यायला लागतो, दुसरा तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू होतो. वडिलांना विचारा, त्यांचीही उंची दहावीनंतरच वाढली असेल तर पोराचीही चाल तीच असू शकते. तुम्ही सोयाबीनमध्ये तुरीचं तास घेता. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघून जातं तेव्हा तूर नुसती हिरवी उभी असते. म्हणून कोणी ती उपटून टाकतं का?

आणि जो लवकर उंच झाला तो लवकर थांबतोही. मुलीला पाळी सुरू झाली की त्यानंतर साधारण पाच ते सात सेंटीमीटरच वाढ उरते. म्हणून आठ वर्षांच्या आत मुलीच्या छातीची वाढ दिसू लागली, किंवा नऊच्या आत मुलामध्ये वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर "आमची कशी पटकन वाढली" म्हणून कौतुक करत बसू नका, दाखवायला आणा.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुलनेमुळे जे नजरेतून सुटतं त्याची. एक आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे बद्धकोष्ठासाठी आली होती. उंचीची तक्रार कोणाचीच नव्हती, कारण चुलत बहिणींमध्ये ती मधोमध उभी राहायची. शाळेच्या नोंदी मागवल्या तर दोन वर्षांत मिळून जेमतेम पाच सेंटीमीटर वाढलेली. या वयात मूल एका वर्षातच पाच-सहा वाढायला हवं. चेहरा थोडा सुजरा, सारखी थंडी वाजायची, वर्गात पेंगायची. रक्त तपासलं तर थायरॉईड कमी. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू केली, आणि पोरगी पुन्हा वाढीला लागली. बहिणींच्या रांगेत ती ठीक दिसत होती. स्वतःच्या मागच्या वर्षाशी ताडून पाहिली तेव्हाच दुखणं सापडलं.

"आमच्या घरात सगळेच ठेंगणे" हेही मी रोज ऐकते. कधी ते खरं असतं. कधी सगळ्या भावंडांना मिळून लहानपणी पोटभर आणि चौरस खायला मिळालेलं नसतं, किंवा जंत, जुलाब, रक्त कमी असणं हे सगळ्यांनाच असतं. मग एकमेकांशी ताडून काय कळणार? आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. त्या आजारात मूल उंचीला मागे पडू शकतं, वयातही उशिरा येतं. हातपाय दुखतात, डोळे पिवळे दिसतात असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या.

तर करायचं काय? घरात एक भिंत ठरवा. सकाळी, चप्पल काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याची वही आडवी दाबून धरा आणि खूण करा, तारीख टाका. संध्याकाळी मोजाल तर एखादा सेंटीमीटर कमीच भरेल, म्हणून वेळ बदलू नका. सहा-सहा महिन्यांनी पुन्हा. दर महिन्याला मोजून जीव टांगणीला लावू नका. पाचच्या आतल्या लेकरांसाठी अंगणवाडीतली नोंद आहे, माता बाल संरक्षण कार्डावरचा तक्ता आहे. त्यावर मुलाची रेघ आपल्या वाटेनं वर जाते का एवढं पाहा. वाट खालची असली तरी चालेल, पण वरची वाट सोडून खाली उतरायला लागली तर थांबू नका.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला चार सेंटीमीटरही वाढ नसेल, मुलीला तेरापर्यंत किंवा मुलाला चौदापर्यंत वयात येण्याची एकही खूण नसेल, किंवा आई-वडिलांच्या हिशोबापेक्षा मूल फारच मागे असेल, तर माझ्याकडे या.

उंची वाढवायच्या पावडरीच्या डब्यावर पैसे घालवू नका. तेच पैसे अंडी, दूध, शेंगदाणे, तुरीच्या घट्ट वरणात घाला. दांडीला लटकल्यानं उंची वाढत नाही, खेळ म्हणून खुशाल लटकू द्या. रात्री झोप पूर्ण होऊ द्या, जंताची गोळी शाळेत देतात ती चुकवू नका. आणि 'गिड्डा', 'बुटका' ही हाक घरातल्या कोणीही, अगदी लाडानंही, मारायची नाही. मोठे पाहुणे म्हणाले तर त्यांनाही तिथल्या तिथे सांगा. लेकरू समोर असताना सांगा, म्हणजे आपल्या बाजूनं कोणी बोललं हे त्यालाही ऐकू येईल.

आता व्हरांड्यात आशाताईंनी भिंतीला मोजपट्टी लावली आहे. कार्ड आणलं असेल त्यांनी ते हातात ठेवा, आई-वडिलांचीही उंची आजच मोजून घेऊ. आधी लहान लेकरांच्या आया उठा, बाकीच्यांनी तोवर काही विचारायचं असेल तर विचारा.