अण्णांच्या आठवणीत

काकी, अध्यक्ष महोदय आणि अण्णांसाठी वेळ काढून आलेल्या सर्वांनो,

मागच्या बॅनरवर ‘समाजभूषण’ लिहिलंय. अण्णा इथं असते, तर पहिल्यांदा तो शब्द झाकायला लावला असता आणि मग बॅनरचा खर्च कुणी केला ते विचारलं असतं. म्हणून मी जेवढं पाहिलं, तेवढंच सांगतो.

एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर अण्णा रोज सकाळी सीपीआरच्या केसपेपर खिडकीजवळ उभे राहू लागले. चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याहून पहाटेची गाडी धरून आलेल्या माणसाला कुठली ओपीडी कुठं, हे काय ठाऊक! अण्णा त्याला हाताला धरून न्यायचे. फुले योजनेसाठी रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, सगळं एका पिशवीत लावून द्यायचे. पण आजार काय, हे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, “जेवलासा काय?”

२०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. अण्णांच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. निवारा केंद्रावर कपड्यांचे ढीग येत होते आणि अण्णा मात्र वही घेऊन फिरत होते. कुणाची बीपीची गोळी घरात राहिली, कुणाला इन्सुलिन लागतं, हे लिहून घेत होते. “कपडे बास झाले, गोळ्या आणा आणि बायकांना पॅड आणा,” असं त्यांनी माईकवरून सांगितलं. त्या वेळी काहीजण ओशाळले. त्या यादीवरून औषधं आली, हे मी स्वतः वाटलीत म्हणून सांगतो.

गोड बोलणं त्यांना जमायचं नाही, हेही सांगायला हवं. देणगी देऊन फोटो काढणाऱ्याला ते म्हणायचे, “तुमचा काढा, पेशंटचा नको.” दोन चांगले देणगीदार त्यामुळं तुटले. मी भांडलो होतो त्यांच्याशी. आज मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही.

किती जणांना मदत केली, याचा आकडा त्यांनी ठेवला नाही. पैशाचा हिशेब मात्र रिक्षाच्या भाड्यापर्यंत. परवा काकींनी ती वही आमच्या हातात दिली. शेवटच्या पानावर शिल्लक ३४० रुपये. खाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘राधानगरीचे आजोबा, गुरुवारी परत बोलावलंय.’

ते आजोबा गुरुवारी आले होते. खिडकीजवळ अण्णांना शोधत उभे होते. आमच्यातल्या एकानं त्यांना केसपेपर काढून दिला, आधी चहा-बिस्किट दिलं. वहीत आता शिल्लक ३१० आहे.