ऑफिसनंतरचं वेळापत्रक: आठ आठवडे, SAA-C03

(कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं. घरातल्या दोघांनी एकदा तरी पूर्ण वाचावं.)

SAA-C03 म्हणजे ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडची सोल्यूशन्स आर्किटेक्ट परीक्षा. ती आठव्या आठवड्याच्या शनिवारी, सकाळी ११ वाजता. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास. इंग्रजी मातृभाषा नाही म्हणून मिळणारी जादा ३० मिनिटं बुकिंग करण्याआधीच मागून घेतली आहेत. तरी सराव मात्र १३० मिनिटांवरच करायचा. तो अर्धा तास परीक्षेच्या दिवशी घाबरण्यासाठी राखीव.

हे माझं दुसरं वेळापत्रक. पहिल्यात रोज रात्री ८ ते ११ अभ्यास होता आणि ते चौथ्या दिवशी मोडलं. मग दोन आठवडे अभ्यास बाजूला ठेवून नुसती नोंद केली: घरात पाऊल कधी पडलं, जेवण कधी उरकलं, मुलाचा गृहपाठ कधी संपला, डोळे कधी मिटायला लागले. घरी पोचते ७:५० ला. ९ च्या आत टेबलाशी बसणं दहा दिवसांत एकदाच जमलं. १०:३० नंतर वाचलेलं सकाळी एकदाही आठवलं नाही. म्हणजे कामाच्या दिवशी रात्री माझ्याकडे सव्वा तास आहे, तीन नाहीत. खालचं सगळं त्या सव्वा तासावर उभं आहे.

| वार | वेळ | काय | मिनिटं |
|---|---|---|---|
| सोमवार | ९:१५–१०:३० रात्री | नवा विषय: व्हिडिओ, हाताने टिपणं | ७५ |
| मंगळवार | ९:४५–१०:२५ रात्री | सोमवारच्या विषयावर १० प्रश्न | ४० |
| बुधवार | ९:१५–१०:३० रात्री | लॅब | ७५ |
| गुरुवार | – | सुट्टी | ० |
| शुक्रवार | ९:१५–१०:१५ रात्री | घड्याळ लावून २० प्रश्न | ६० |
| शनिवार | ७:००–१०:०० सकाळी, मधे १५ मिनिटं चहा | आठवड्यातला सगळ्यात अवघड विषय | १६५ |
| रविवार | ७:३०–९:०० सकाळी | चुकांची वही, उरलेलं वाचन | ९० |
| रविवार | ९:००–९:२० रात्री | पुढच्या आठवड्याची आखणी | २० |

एकूण ८ तास ४५ मिनिटं. सात आठवड्यांचे ६१ तास होतात. हातात ५० पडतील असं धरलं आहे आणि अभ्यासक्रम त्या ५० मध्येच बसवला आहे. बसमधली ४० मिनिटं यात धरलेली नाहीत. बसायला जागा मिळाली तर फ्लॅशकार्ड, नाही मिळाली तर खिडकीबाहेर.

सोमवार. व्हिडिओ दीडपट वेगाने बघायचे नाहीत. रात्री सव्वानऊला दीडपट वेग म्हणजे बघितल्याचं समाधान फक्त. ५० मिनिटं बघायचं आणि २५ मिनिटं व्हिडिओ बंद करून आठवेल तेवढं लिहायचं. लिहिताना अडले तर तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. ती प्रश्नचिन्हं शनिवारची.

मंगळवार. ८:३० ला दुसऱ्या देशातल्या टीमबरोबर कॉल असतो, तो साडेनऊपर्यंत लांबतो. त्यानंतर नवं काही डोक्यात शिरत नाही, हे नोंदवहीत स्पष्ट दिसतं. म्हणून दहाच प्रश्न. कॉल दहापर्यंत गेला तर पाच. शून्य करायचे नाहीत, कारण मंगळवार गेला की बुधवारीही हात जड होतो, असा माझा अनुभव आहे.

बुधवार. हा माझा आवडता वार. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी सोडवून थकलेलं डोकं वाचायला नकार देतं, पण हाताने काही करायचं असेल तर जागं होतं. म्हणून लॅब आठवड्याच्या मधोमध. शेवटची १५ मिनिटं साफसफाईची, म्हणजे लॅबसाठी क्लाउडवर उभं केलेलं सगळं बंद करायची, आणि ती कधीच कापायची नाहीत. नॅट गेटवे नुसता उभा ठेवला तरी तासाचे पैसे लागतात, त्यातून ट्रॅफिक जावो न जावो. मागच्या वेळी मी तो शुक्रवारपर्यंत विसरले होते. पहिल्या बुधवारी लॅब सुरू करण्याआधी बजेटचा अलर्ट लावायचा, रक्कम छोटी ठेवायची, मेल फोनवर दिसेल असा.

गुरुवार. ऑफिसात रिलीज असतो. कधी ९ ला सुटका, कधी ११ ला. इथे अभ्यास लिहिणं म्हणजे दर आठवड्याला एक खोटं लिहिणं. पहिल्या वेळापत्रकात ते लिहिलं होतं आणि तिथूनच ते ढासळलं. रिलीज लवकर संपला तरी पुस्तक उघडायचं नाही, मुलाबरोबर बसायचं.

शुक्रवार. ६५ प्रश्नांना १३० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन. २० प्रश्न ४० मिनिटांत, मग २० मिनिटं उत्तरं तपासायची. बरोबर आलेलीसुद्धा, कारण माझी निम्मी बरोबर उत्तरं अंदाजाची असतात आणि परीक्षेत तो अंदाज उलटा पडेल. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून कोरा प्रश्न सोडायचा नाही. ही सवय इथूनच.

शनिवार. ताजं डोकं आठवड्यातून एकदाच मिळतं, ते इथे खर्च करायचं. फोन स्वयंपाकघरात, दार बंद. घरच्यांना विनंती: ७ ते १० मी घरी नाही असं समजा. दूधवाला, कुरियर, हरवलेली कंपासपेटी, सगळं १० नंतर. बदल्यात शनिवारी संध्याकाळ पूर्ण तुमची, लॅपटॉप उघडणार नाही.

रविवार. चुकांच्या वहीत तीनच रकाने: मी काय निवडलं, का निवडलं, प्रश्नातल्या कोणत्या शब्दाने मला सावध करायला हवं होतं. तिसरा रकाना खरा. ‘सगळ्यात कमी खर्चात’, ‘सगळ्यात कमी देखभालीत’, ‘ॲप्लिकेशनमध्ये बदल न करता’ अशा शब्दांवर पूर्ण प्रश्न फिरतो आणि घाईत नेमके तेच निसटतात.

वार चुकला तर

चुकलेला वार दुसऱ्या दिवशी भरायचा नाही. रविवारी दुपारी ४:०० ते ५:१५ ही जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. आठवड्यातला एकच चुकलेला वार तिथे बसतो. दोन चुकले तर एक सोडून द्यायचा. शनिवार सगळ्यात महत्त्वाचा, मग बुधवार, शुक्रवार, सोमवार, शेवटी मंगळवार. वाचवायचा तो या क्रमाने. काही चुकलं नसेल तर रविवारी दुपारी झोप.

ताप, पाहुणे, मुलाच्या शाळेचं काही: आठवडा अर्धा करायचा, म्हणजे फक्त बुधवार आणि शनिवार. पूर्ण आठवडा टाकून द्यायचा नाही.

कोणत्या आठवड्यात काय

परीक्षेत सुरक्षेला ३० टक्के वजन, बिघाडातही तग धरण्याला २६, वेगाला २४, खर्चाला २०. आठवडे त्याच क्रमाने लावले आहेत.

पहिला: आयएएम. यूजर, रोल, पॉलिसी वाचायला शिकणं. स्पष्ट नकार असेल तर बाकी कितीही परवानग्या असल्या तरी नकारच, हे बुधवारी स्वतः पॉलिसी लिहून बघायचं.

दुसरा: व्हीपीसी आणि केएमएस. माझा सगळ्यात कच्चा भाग, म्हणून शनिवार पूर्ण व्हीपीसीला. कोऱ्या कागदावर पब्लिक आणि प्रायव्हेट सबनेट, रूट टेबल, गेटवे न बघता काढता आले पाहिजेत. सिक्युरिटी ग्रुपला परतीचा ट्रॅफिक आपोआप चालतो, नेटवर्क एसीएलमध्ये त्यासाठी वेगळा नियम लागतो. हे मला पाठ आहे, तरी प्रश्नात दोनदा चुकलं. लॅबमध्ये परतीचा नियम मुद्दाम काढून टाकायचा आणि काय बंद पडतं ते बघायचं.

तिसरा: लोड बॅलन्सर, ऑटो स्केलिंग, रूट ५३, आरडीएस. मल्टि-एझेड बिघाडासाठी आणि रीड रेप्लिका वाचनाचा भार वाटण्यासाठी, या दोघांची गल्लत थांबवायची.

चौथा: ऑफिसात तिमाही बंद करायचा आठवडा. अर्धा, आत्ताच अर्धा लिहून ठेवते. बुधवारी एसक्यूएस (व्हिजिबिलिटी टाइमआउट मुळात ३० सेकंद, मेसेज जास्तीत जास्त १४ दिवस राहतो), शनिवारी डिझास्टर रिकव्हरीचे चार प्रकार, खर्चाच्या चढत्या क्रमाने.

पाचवा: स्टोरेज, डेटाबेसची निवड, कॅशिंग, लॅम्डा. १५ मिनिटांहून लांब काम लॅम्डात बसत नाही. या एका आकड्यावर पर्याय गळतात. शनिवारी पहिली पूर्ण सराव परीक्षा. अभ्यासक्रम संपलेला नसेल, चालेल. गुण कोणाला सांगायचे नाहीत.

सहावा: खर्च. एसथ्रीचे स्टोरेज क्लास आणि त्यांचे किमान दिवस (स्टँडर्ड-आयएला ३०, डीप आर्काइव्हला १८०), स्पॉट इन्स्टन्स काढून घेण्याआधी मिळणारी दोन मिनिटं, सेव्हिंग्ज प्लॅन. शनिवारी दुसरी सराव परीक्षा. या आठवड्यात नवं वाचन फक्त सोमवारी आणि बुधवारी.

सातवा: नवं काही नाही. रोजच्या वेळा त्याच, साहित्य फक्त चुकांची वही. तिसरी सराव परीक्षा शनिवारी सकाळी सातला न देता ११ ला द्यायची, खऱ्या वेळेला, न उठता.

सातव्या रविवारी रात्रीच्या २० मिनिटांत निर्णय. तिसऱ्या परीक्षेत ८० टक्क्यांच्या वर असेन तर ठरलं. ७० च्या खाली असेन तर तारीख पुढे ढकलायची, त्यात लाजायचं नाही. २४ तास आधीपर्यंत बदलता येते, पण मी तोपर्यंत ताणणार नाही. मधे कुठे असेन तर शेवटच्या दोन परीक्षांतल्या चुका विषयवार मोजायच्या. एकाच विषयात गठ्ठा असेल तर चार दिवसांत सुटेल, देऊन टाकायची. सगळीकडे विखुरलेल्या असतील तर ढकलायची. हा निर्णय मी एकटी घेणार. कोणी ‘होईल गं’ म्हणू नये.

आठवा आठवडा

सोमवार, मंगळवार: वहीतली फक्त दोनदा चुकलेली पानं, ४० मिनिटं.
बुधवार: लॅब खात्यात काही चालू राहिलंय का ते बघून सगळं बंद करायचं. अभ्यास नाही.
गुरुवार: रिलीज. नेहमीसारखाच. तो दुसऱ्याला देता येतो का, हे पाचव्या आठवड्यातच विचारून ठेवायचं.
शुक्रवार: अर्धा दिवस रजा. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, ते बघायचं. केंद्राचा रस्ता बघून ठेवायचा. ९ ला झोप, येवो न येवो.
शनिवार: ११.
रविवार: काही लिहिलेलं नाही. नापास झाले तरी पुन्हा बसायला १४ दिवस थांबावंच लागतं, तेव्हा या रविवारी वही उघडायला कारणच नाही.